मंगळवार निरंक, शुक्रवार क्वार्टर

पिंपरीत राहणारा ४७ वर्षांचा एक गृहस्थ घेऊ. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याचा रक्तदाब १५२/९६ निघाला. नव्या सोसायटीत राहायला आल्यापासून जुने फॅमिली डॉक्टर लांब पडलेत, म्हणून चौकातल्या डॉक्टरांकडे शनिवारी सकाळची पहिली वेळ घेतली. दवाखान्यातून निरोप आला, ‘आधीचे रिपोर्ट, चालू औषधं आणि सवयी थोडक्यात लिहून पाठवा.’ त्याने पाठवायला घेतलं: ‘बीपी वाढलंय. झोप नीट लागत नाही. तंबाखू नाही. ड्रिंक्स आठवड्यातून दोन-तीनदा, दोन पेग, सोशल.’

हा गृहस्थ कुणा एका माणसाचं चित्र नाही. दवाखान्यात रोज दिसणाऱ्या अनेकांवरून तो बेतला आहे. त्याच्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं हजारो केसपेपरवर सापडेल. ते लिहिणाऱ्याला आपण खोटं बोलतोय असं वाटत नसतं. बुधवारचा ग्लास त्याने ‘घेतली’ या सदरात धरलेलाच नसतो, रविवारची बिअर त्याच्या लेखी दारूच नसते आणि पेग किती मोठा हे कुणी विचारलेलं नसतं.

आता हे वाक्य डॉक्टरांच्या बाजूने वाचून पाहा. बारमध्ये छोटा पेग ३० मिलीचा आणि मोठा ६० मिलीचा. भारतात बनणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे १०० मिली व्हिस्कीत ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं आहे, एका मिलीचं वजन साधारण ०.७९ ग्रॅम भरतं. त्या हिशेबाने ३० मिलीच्या पेगमध्ये १० ग्रॅम अल्कोहोल येतं आणि ६० मिलीच्या पेगमध्ये २०. दोन वेळा दोन छोटे पेग म्हणजे आठवड्याला ४० ग्रॅम, तीन वेळा दोन मोठे पेग म्हणजे १२० ग्रॅम. एकाच वाक्यातून तिप्पट फरकाचे दोन आकडे निघतात, आणि डॉक्टरांनी कोणता धरायचा हे वाक्य सांगत नाही.

हा फरक क्षुल्लक नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये १९ श्रीमंत देशांतल्या सुमारे सहा लाख पिणाऱ्यांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक अभ्यास आला. आठवड्याला साधारण १०० ग्रॅमच्या पुढे गेलं की मृत्यूचा धोका चढू लागतो, असं त्यात दिसलं. ब्रिटनने २०१६ साली आपल्या नागरिकांना सांगितलेली मर्यादाही जवळपास तिथेच, आठवड्याला ११२ ग्रॅमवर येते. त्याखालची दारू निर्धोक आहे असा याचा अर्थ नाही. कर्करोगाचा विचार करता कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. पण आपला गृहस्थ या रेषेच्या अलीकडे आहे की फार पलीकडे, यावर डॉक्टर रक्तदाबाची गोळी वाढवणार की आधी दारूबद्दल बोलणार हे ठरतं.

तो खरंच किती पितो?

हे शोधायचं तर ग्लास सोडून बाटली मोजावी लागते. घरी ओतलेला पेग डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेला असतो. रुंद ग्लासात बर्फ आणि सोडा पडला की ६० आणि ९० मिलीमधला फरक दिसेनासा होतो. बाटलीवरचा आकडा मात्र हलत नाही. निप ९० मिलीची, क्वार्टर १८० मिलीची, खंबा ७५० मिलीचा. घरात खंबा येत असेल तर तो उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवायची आणि संपल्यावर दिवस मोजायचे. दोघं मिळून पीत असतील तर कुणाचा वाटा किती, हेही प्रामाणिकपणे विभागायचं. ज्यांना ओतलेला पेग मोजायचाच आहे त्यांनी नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखी व्हिस्की ओतावी, सोडा घालायच्या आधी ती खोकल्याच्या औषधासोबत मिळणाऱ्या मापाच्या टोपणाने किंवा स्वयंपाकघरातल्या मापाने मोजावी. एकदा केलं की पुरतं.

आपल्या गृहस्थाने मागचा आठवडा आठवून लिहिला. आठवडा आठवताना सोमवारपासून एकेक वार घेणं सोपं जातं, कारण वाराबरोबर जागा आणि माणसं आठवतात: बुधवारी मॅच होती, शुक्रवारी ऑफिसातला निरोप समारंभ, शनिवारी मेहुणा आला होता, रविवारी मटण होतं. ‘साधारण किती’ असं स्वतःला विचारलं की मन सरासरी काढत नाही, ते चांगला आठवडा निवडतं.

त्याने पहिला मेसेज पुसला आणि दुसरा लिहिला:

‘नमस्कार डॉक्टर. शनिवारी साडेदहाची माझी पहिली अपॉइंटमेंट आहे. वय ४७, वजन ८१. कंपनीच्या तपासणीत बीपी १५२/९६ आलं. रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग येते आणि मग झोप लागत नाही.

दारूबद्दल, मागच्या आठवड्याचा हिशेब: सोमवार, मंगळवार, गुरुवार काही नाही. बुधवारी घरी व्हिस्की ९० मिली. शुक्रवारी एक क्वार्टर. शनिवारी एक क्वार्टर, महिन्यातून एखादा शनिवार त्यावर आणखी एक निप. रविवारी दुपारी स्ट्राँग बिअरची मोठी बाटली, ६५० मिली. असं गेली चार-पाच वर्षं चालू आहे, लॉकडाऊननंतर वाढलं. न पिण्याच्या दिवशी हात थरथरणं, घाम, मळमळ असं काही होत नाही. सकाळी कधी घेतलेली नाही. फिट कधी आलेली नाही. या वर्षात एक-दोनदा आदल्या रात्रीचं काही आठवलं नाही, त्याचं वाईट वाटलं. बायको गेल्या वर्षभरात कमी करा म्हणते आहे.

चालू औषधं: टेल्मिसार्टन ४०, रोज सकाळी. पाठदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची गोळी, आठवड्यातून तीन-चारदा. झोपेसाठी मित्राकडून घेतलेली अल्प्राझोलाम, कधीकधी. शेवटची दारू कधी घेतली ते आल्यावर सांगेन. हे आमच्या घरी कुणाला कळू नये अशी विनंती.’

लांबीने हा मेसेज मोबाइलच्या पडद्यावर जेमतेम दोनदा सरकवावा लागेल एवढा आहे. डॉक्टरांना त्यातून काय मिळतं, ते एकेक करून पाहण्यासारखं आहे.

आधी बेरीज. ९० अधिक १८० अधिक १८०, म्हणजे ४५० मिली व्हिस्की. १५ छोटे पेग. सुमारे १५० ग्रॅम अल्कोहोल. स्ट्राँग बिअर साधारण आठ टक्क्यांची धरली तर ६५० मिलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ४१ ग्रॅम. ही बिअर कुणी हिशेबात धरत नाही, पण ती एकटी चार छोट्या पेगांएवढी आहे. एकूण १९० ग्रॅमच्या वर. ज्या शनिवारी निपची भर पडते त्या आठवड्यात २२० च्या पुढे. पहिल्या मेसेजातून डॉक्टरांनी ४० ग्रॅम धरले असते, तर खरा आकडा त्याच्या जवळजवळ पाचपट होता.

फॅमिली डॉक्टरांकडे यासाठी एक छोटी प्रश्नावली असते. जागतिक आरोग्य संघटनेने ऐंशीच्या दशकात सहा देशांत पारखून दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही प्रश्नावली तयार केली. तिचे पहिले तीन प्रश्न वेगळे काढून घाईच्या ओपीडीतही विचारता येतात: किती वेळा पिता, पिण्याच्या दिवशी किती ड्रिंक घेता, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक कितीदा होतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण बारा. दहा ग्रॅमचं एक ड्रिंक धरतात. पुरुषांमध्ये चार आणि स्त्रियांमध्ये तीन गुण झाले की पुढे विचारायचं, असा सर्वसाधारण संकेत आहे.

पहिला मेसेज या प्रश्नांतून काढला तर ‘आठवड्यातून दोन-तीनदा’चे तीन गुण, ‘दोन पेग’चा शून्य, ‘सहाच्या वर कधी’ याबद्दल काहीच नाही म्हणून शून्य. तीन. पुरुषाच्या रेषेच्या एक घर खाली. डॉक्टर पुढच्या विषयाकडे वळले असते, आणि त्यांची काही चूकही झाली नसती.

दुसऱ्या मेसेजमध्ये पिण्याचे दिवस चार, म्हणून चार गुण. १९० ग्रॅम चार दिवसांत वाटले तर दिवसाला पाचच्या आसपास ड्रिंक, त्याचे दोन. आणि एक क्वार्टर म्हणजेच सहा ड्रिंक, ते दर आठवड्याला होतात, त्याचे तीन. एकूण नऊ. उरलेल्या सात प्रश्नांपैकी तिघांची उत्तरं त्याने न विचारता दिली आहेत: आदल्या रात्रीचा विसर, नंतरची टोचणी आणि घरच्यांची काळजी. विसर आणि टोचणी क्वचित घडतात म्हणून एकेक गुण. जवळच्या माणसाने गेल्या वर्षभरात काळजी बोलून दाखवली असेल तर चार. बेरीज पंधरा. आठच्या वर धोक्याचं पिणं मानतात, सोळा ते एकोणीस या टप्प्यात नुसता सल्ला पुरत नाही, थोडक्यात समुपदेशन आणि पाठपुरावा लागतो, आणि वीसच्या पुढे व्यसनतज्ज्ञाकडे पाठवून निदान नीट करावं लागतं.

इथे एक गैरसमज वाटेत येतो. महाराष्ट्रात दारूच्या उपचाराचं नाव निघालं की पुण्याचं मुक्तांगण डोळ्यांसमोर येतं, आणि ते रास्तच आहे. १९८६ पासून त्या संस्थेने हजारो घरं सावरली आहेत. पण त्यामुळे अनेकांच्या मनात दोनच खाने उरतात: ज्यांना भरती करावं लागतं ते, आणि बाकीचे आपण सगळे ठीक. आपला गृहस्थ या दोहोंच्या मधला आहे. तो नोकरीवर वेळेवर जातो, घरात आरडाओरडा करत नाही, तीन दिवस न पिता राहतो. भरती होण्याची त्याला गरज नाही, आणि त्याचं पिणं ठीकही नाही. या मधल्या माणसाला गाठू शकणारा सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे फॅमिली डॉक्टर.

मेसेजमधली सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र मिलीची नाही. ‘न पिण्याच्या दिवशी हात थरथरणं, घाम, मळमळ काही होत नाही’ ही ती ओळ. सोमवार आणि मंगळवार सलग कोरडे जातात आणि शरीर कुरकुर करत नाही, म्हणजे उद्यापासून दारू बंद केली तरी धोकादायक प्रतिक्रिया येण्याची शक्यता कमी. डॉक्टर त्याला घरीच थांबायला सांगू शकतात.

रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेणाऱ्या, सकाळी उठल्यावर हात कापणाऱ्या, ते थांबवायला सकाळीच एक घोट लागणाऱ्या माणसाची गोष्ट अगदी वेगळी आहे. रोजच्या दारूशी जुळवून घेतलेला मेंदू ती अचानक तुटली की बेभान उसळतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डिलिरियम होतो: वेळकाळाचं भान जातं, भिंतीवर किडे किंवा माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी धावते, आणि उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. ‘डॉक्टरांकडे जायच्या आधी आठवडाभर सोडून दाखवतो’ असा निश्चय अशा माणसाने एकट्याने कधीही करू नये. त्याने आहे तसं लिहून पाठवावं, पहिली वेळ लवकर मागावी. दारू उतरवण्याचं काम औषधांच्या आधाराने, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देत, नजरेखाली करता येतं. आणि फिट आली किंवा माणूस बरळू लागला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

अस्थिरोग किंवा शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम केलेल्या नर्सना हा प्रकार चांगला ठाऊक असतो. मांडीचं हाड मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाइन उपसून पळू लागतो, आणि तेव्हा कुठे बायको हळूच सांगते, ‘रोज घेतात हो, पण विचारलं नाही म्हणून बोलले नाही.’ पहिल्याच दिवशी कागदावर दोन ओळी असत्या तर ती रात्र टळली असती.

औषधांची यादी ही दुसरी कामाची जागा. अल्प्राझोलाम आणि दारू दोन्ही मेंदूला मंदावतात. एकत्र घेतल्या की श्वासही मंदावू शकतो. आपल्या गृहस्थाच्या मेसेजमध्ये डॉक्टरांनी सगळ्यात आधी लाल रेघ मारली असेल ती या मित्राकडून आलेल्या गोळीखाली. त्याची मध्यरात्रीची जागही बहुधा दारूचीच आहे: दारूने झोप पटकन लागते, पण तिचा अंमल उतरू लागला की उत्तररात्री झोप मोडते. ती जोडायला गोळी घेणं म्हणजे एका कारणावर दुसरं कारण चढवणं. आयबुप्रोफेन आणि दारू दोन्ही जठराच्या अस्तराला ओरबाडतात, त्यातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. नेहमी भरपूर पिणाऱ्याच्या यकृताला पॅरासिटामॉलचाही नेहमीचा डोस जड जाऊ शकतो. मधुमेह असता तर आणखी दोन प्रश्न उभे राहिले असते, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर उपाशीपोटी दारू घेतली की साखर धोकादायकरीत्या घसरते, आणि तोल जाणं, बरळणं ही लक्षणं बघणाऱ्यांना दारूचीच वाटतात. जुलाबावर किंवा दातांच्या दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलबरोबर दारू टाळायला सांगतात, तेही डॉक्टरांना ठाऊक असेल तरच सांगतील.

याच संदर्भात घरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. ‘नकळत दारू सोडवणारं औषध’ जेवणात मिसळून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्या पुड्यांत किंवा गोळ्यांत डायसल्फिराम असू शकतं. हे औषध पोटात असताना दारू घेतली की चेहरा तापतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्या माणसाला ते प्राणघातक ठरू शकतं. हे औषध खरं आहे आणि उपयोगीही आहे, पण फक्त त्या माणसाला माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. घरात कुणी असं काही देत असेल तर ते डॉक्टरांना वेगळं सांगणं ही त्या घराची जबाबदारी आहे.

मग लोक लिहीत का नाहीत? लाज हे एक कारण, पण तेवढंच नाही. फॅमिली डॉक्टर म्हणजे साऱ्या घराचे डॉक्टर. वडिलांचा मधुमेह, मुलीची परीक्षेच्या वेळची ॲसिडिटी, बायकोचं थायरॉइड, सगळं त्यांच्याच वहीत. सोसायटीच्या गणपतीत तेही आरतीला असतात. त्यामुळे ‘घरी कळू नये’ ही ओळ लिहिणं योग्यच आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांचं कर्तव्य आहे, आणि नवरा-बायकोलाही ती आपोआप लागू असलेली सवलत नाही.

तरी व्यवहारातली फट लक्षात ठेवावी. दवाखान्याचा व्हॉट्सॲप नंबर बहुतेक ठिकाणी डॉक्टरांच्या हातात नसतो. तो रिसेप्शनवरच्या ताईंच्या किंवा कंपाउंडरच्या फोनवर असतो, कधी दोघांच्याही. पाठवण्याआधी ‘हा मेसेज कोण वाचतं?’ असं फोन करून विचारावं. उत्तर पटलं नाही तर मेसेजमध्ये ‘मद्यपानाबद्दल बोलायचं आहे, तपशील लिहून आणतो’ एवढंच पाठवावं आणि वरचा हिशेब कागदावर लिहून, घडी घालून थेट डॉक्टरांच्या हातात द्यावा. कागदाने काही बिघडत नाही. उलट, समोर बसल्यावर आवाज खाली येतो आणि ‘क्वार्टर’चा ‘दोन पेग’ होतो, तो कागदावर होत नाही.

विम्याची धास्ती हे दुसरं कारण, आणि ती निराधार म्हणून झटकून टाकणं बरोबर नाही. व्यसनावरचे उपचार बहुतेक आरोग्य पॉलिसींत वगळलेले असतात आणि दाव्याच्या वेळी कंपनी जुने कागद मागू शकते. पण उपाय लपवणं हा नाही. केसपेपरवर काय लिहिणार, हे डॉक्टरांना विचारता येतं. ‘आठवड्याला सुमारे १९० ग्रॅम, अवलंबित्वाची लक्षणं नाहीत’ ही नोंद खरी आहे आणि नेमकी आहे. घाईत खरडलेलं ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ या माणसाबद्दल खरं नाही, आणि असा शिक्का पुसायला वर्षं जातात. डॉक्टरांनीही तो मारताना हात आवरायला हवा.

स्त्रियांच्या बाबतीत हे लपवणं आणखी घट्ट असतं. दवाखान्यात नवरा किंवा सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, आणि प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. तेवढीच दारू स्त्रीच्या शरीरात रक्तातलं प्रमाण जास्त चढवते, कारण शरीरातल्या पाण्याचं प्रमाण कमी असतं; म्हणून प्रश्नावलीतली रेषाही तिच्यासाठी खाली आहे. तिने मेसेजच्या शेवटी ‘पाच मिनिटं मला एकटीला भेटायचं आहे’ एवढं लिहिलं तर डॉक्टर बाकीच्यांना बाहेर बसवू शकतात. गरोदर असल्यास किंवा तसा विचार असल्यास तेही लिहावं, कारण तिथे सुरक्षित प्रमाण शून्य आहे.

आणि ज्यांच्या बाटलीवर लेबलच नाही? हातभट्टी, मोहाची, फुगा किंवा पिशवीतली दारू यांची तीव्रता सांगता येत नाही. तिथे किती ग्लास, किती रुपयांची, आणि पिऊन झोपेपर्यंत काय होतं एवढं लिहावं. त्यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. देशीच्या बाटलीवर मात्र टक्केवारी छापलेली असते. ती वाचून लिहावी, अंगावरचं लेबल फोटो काढून पाठवलं तरी चालतं.

‘रक्त तपासलं की कळेलच’ असं म्हणून काही जण लिहायचं टाळतात. रक्त इतकं बोलकं नसतं. जीजीटी दारूने वाढतं, पण चरबी साठलेल्या यकृताने आणि काही औषधांनीही वाढतं. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट असेल तर संशय दारूकडे वळतो. तांबड्या पेशींचा आकार मोठा झाला असेल तर मागच्या काही महिन्यांचा अंदाज येतो. पण आठवड्याला १९० ग्रॅम पिणाऱ्या अनेकांचे हे सगळे रिपोर्ट स्वच्छ येतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पिणं नॉर्मल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय आदल्या रात्रीच्या पिण्याने सकाळचं ट्रायग्लिसराइड चढतं. म्हणून ‘शेवटची कधी घेतली’ हे आपल्या गृहस्थाने शनिवारी सकाळी विसरता कामा नये, विशेषतः शुक्रवार त्याच्या क्वार्टरचा वार असल्यामुळे.

त्या पंधरा गुणांचं पुढे काय होतं, याचं चांगलं उत्तर गोव्यातून आलं आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटवर १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. निम्म्यांना केंद्रातली नेहमीची काळजी मिळाली, निम्म्यांना त्याबरोबर जास्तीत जास्त चार बैठकांचं समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नव्हते, याच कामासाठी प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. ते आधी माणसाचाच हिशेब त्याच्यासमोर ठेवत, मग कुठल्या वेळी, कुणाबरोबर हात ग्लासाकडे जातो ते शोधत, आणि नाही म्हणण्याचा सराव करून घेत. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष आठ गुणांच्या खाली आले होते, बाकीच्यांतले २६ टक्के. जे पीतच राहिले त्यांचं पिण्याचं प्रमाण मात्र यामुळे घटलं नाही. चमत्कार नव्हे, पण चार बैठकांत एवढं पदरात पडतं, आणि त्यातली पहिली बैठक नेमकी तोच हिशेब मागते जो आपल्या गृहस्थाने आधीच लिहून पाठवला आहे.

शनिवारी डॉक्टर बहुधा रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू करणार नाहीत. ते आधी अल्प्राझोलाम आणि आयबुप्रोफेन बंद करतील, पाठीसाठी दुसरा उपाय शोधतील, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहून देतील. मग चार आठवड्यांचा एक ठराव होईल: पूर्ण बंद, किंवा तेवढी तयारी नसेल तर शुक्रवार-शनिवारची क्वार्टर निपवर आणणं आणि रविवारची बिअर थांबवणं. तसं केलं तर तीन वेळच्या निपचे २७० मिली, म्हणजे आठवड्याला ९० ग्रॅम होतात. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र असेल तर रोज सकाळी एकाच वेळी आकडा लिहायचा. दारू कमी केल्याचा परिणाम रक्तदाबावर काही आठवड्यांतच दिसू लागतो. जीजीटी वाढलेलं असेल तर ते उतरायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून ते महिन्या-दीड महिन्याने पुन्हा. ठराव मोडला, एखाद्या लग्नात खंबा उघडला, तर तोही वार आणि मिलीसकट त्याच कागदावर चढवायचा. दरम्यान रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे सरकारी नंबर विनाशुल्क आहेत.